चेहरा दुसरीचा, सही पहिलीची: मॉडेल रिलीजबद्दलच्या एका समजाचा प्रतिवाद

"मॉडेलने रिलीजवर सही केली असेल आणि त्यात 'फोटोत बदल, रिटचिंग, कंपोझिट करण्याचा अधिकार' असं लिहिलं असेल, तर जाहिरातीत चेहरा बदलायला वेगळी परवानगी लागत नाही. चेहराच गेला म्हटल्यावर ती मॉडेल ओळखू येत नाही, मग तिचा हक्क कसला? आणि नवा चेहरा कंप्युटरने बनवलेला असेल तर तो कुणाचाच नसतो, त्याला रिलीजच नको."

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. रिलीज म्हणजे मॉडेलचं लेखी संमतीपत्र. त्यात ती स्वतःचं छायाचित्र वापरू देते, आणि 'बदल' हा शब्द त्या छायाचित्राबद्दल असतो. डाग घालवणं, रंग सुधारणं, पार्श्वभूमी बदलणं, दोन फ्रेम जोडणं हे त्यात बसतं. धड एकीचं आणि तोंड दुसरीचं असं चित्र तयार झालं की ते दोघींपैकी कुणाचंच छायाचित्र राहत नाही.

न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९५९ साली यापेक्षा कितीतरी लहान बदलावर बोट ठेवलं होतं. एका नावाजलेल्या फॅशन मॉडेलने पुस्तकविक्रेत्याच्या जाहिरातीसाठी फोटो दिला होता. रिलीज अनिर्बंध वापराचं होतं आणि तयार जाहिरात तपासण्याचा हक्कही तिने सोडला होता. पुढे तोच फोटो चादरी बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. त्यांनी चेहऱ्याला हातही लावला नाही. फक्त फोटोतल्या पुस्तकाचं नाव बदलून तिथे एका बदनाम पुस्तकाचं नाव टाकलं. चित्राचा आशयच पालटेल इतका बदल त्या सहीत धरता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं आणि रिलीजची ढाल नाकारली.

यावर कुणी म्हणेल की त्या जुन्या कागदात 'बदल' हा शब्दच नव्हता, आजच्या फॉर्ममध्ये असतो. मान्य, आणि त्याचा उपयोगही होतो. पण मोघम कलमाचा अर्थ साधारणपणे ते लिहून आणणाऱ्याच्या विरोधात लावला जातो, आणि रिलीज मॉडेल लिहीत नाही. शिवाय नवे कायदे ही रेषा आता स्पष्ट आखू लागले आहेत. न्यूयॉर्कचा फॅशन कामगारांविषयीचा कायदा जून २०२५पासून लागू आहे. मॉडेलची डिजिटल प्रतिकृती करायची तर तो स्वतंत्र लेखी संमती मागतो आणि तिच्यात व्याप्ती, उद्देश, मानधन आणि मुदत लिहायला लावतो. रंगसुधारणा आणि किरकोळ रिटचिंग मात्र प्रतिकृतीच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे.

आता ओळखीचा मुद्दा. माणूस फक्त चेहऱ्याने ओळखला जातो, हे गृहीतकच चूक आहे. न्यूयॉर्कच्याच सर्वोच्च अपील न्यायालयासमोर १९८४ साली एका आई-मुलीचा खटला आला. आंघोळ करताना त्यांचा पाठमोरा फोटो काढून जाहिरातीत वापरला होता, चेहरे दिसतच नव्हते. नवऱ्याने मासिकात पाहताच दोघींना ओळखलं. चेहरा दिसत नाही एवढ्यावर खटला फेटाळता येणार नाही, असा निर्णय झाला. त्याच्या दहा वर्षं आधी अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने रेसिंग ड्रायव्हर लोथर मोट्शेनबाखर यांच्या बाजूने असाच कौल दिला होता. सिगारेटच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा दिसत नव्हता, गाडीचा नंबरही ११चा ७१ केला होता. पण गाडीवरची खास सजावट तशीच राहिली आणि लोकांनी त्यावरून ओळखलं. गोंदण, जखमेची खूण, हातांची ठेवण, उभं राहायची लकब हे सगळं चेहरा काढल्यावरही मागे उरतंच.

आणि समजा, कुणीच ओळखलं नाही. तरी पैशाचा प्रश्न उरतोच. मॉडेलचं मानधन वापरानुसार ठरतं. एका दिवसाच्या शूटवर वेगवेगळ्या बाजारांसाठी सहा चेहरे चढवले, तर सहा जाहिराती तयार होतात आणि मानधन मात्र एकीचंच. शिवाय तिने दुसऱ्या ब्रँडला 'स्पर्धकाचं काम करणार नाही' असं लिहून दिलं असेल, तर आपण तो शब्द मोडलाय हे तिला कळणारही नाही.

पण या दाव्यातली सर्वांत मोठी गफलत वेगळीच आहे: जिचा चेहरा बसवायचा तिचा त्यात उल्लेखच नाही. समजा, 'क'ने पोहण्याच्या कपड्यांच्या कॅटलॉगसाठी शूट केलं. क्लायंटला तिचा चेहरा नको झाला. एजन्सीकडे 'ख'चे एका त्वचा-क्रीमसाठी काढलेले क्लोजअप पडलेले होते, तिचं रिलीजही 'सर्व वापरांसाठी' असं होतं. रिटचरने 'ख'चा चेहरा 'क'वर चढवला. 'ख' बुकिंग घेतानाच पोहण्याचे कपडे आणि अंतर्वस्त्रं नको म्हणून सांगते. तिने ते कपडे अंगाला लावलेले नाहीत, पण पाहणाऱ्यासाठी लावलेलेच आहेत. तिच्या सहीत फोटोचा वापर होता. परक्या शरीरावर बसायची परवानगी नव्हती.

म्हणून कागद दोन हवेत, आणि दोन्हींतली भाषा वेगळी. 'क'साठी असं:

"माझ्या छायाचित्रातील चेहरा काढून तिथे दुसऱ्या व्यक्तीचा किंवा संगणकनिर्मित चेहरा बसवण्यास मी संमती देते. ही संमती सोबतच्या यादीतील फ्रेमपुरती आणि याच मोहिमेपुरती आहे. प्रत्येक नव्या चेहऱ्याची आवृत्ती स्वतंत्र वापर धरून तिचे मानधन दिले जाईल."

'ख'साठी असं:

"सोबत जोडलेल्या मूळ फ्रेम पाहून, त्यांतील व्यक्तीच्या शरीरावर माझा चेहरा बसवण्यास मी संमती देते. पोहण्याचे कपडे, अंतर्वस्त्रे, दारू, तंबाखू, औषधे व राजकीय प्रचार यांसाठी तो वापरला जाणार नाही. अंतिम चित्र प्रसिद्धीपूर्वी दाखवून माझी लेखी मंजुरी घेतली जाईल. उत्तर न देणे म्हणजे मंजुरी नव्हे. माझे संदर्भफोटो अन्य कामासाठी किंवा प्रतिमा बनवणाऱ्या प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाणार नाहीत आणि मुदत संपताच नष्ट केले जातील."

यातले 'मूळ फ्रेम पाहून' हे शब्द कुणी खोडायला सांगितले तर अडून बसा. कॅलिफोर्नियाच्या २०२५पासून लागू असलेल्या कायद्याचा रोखही तिकडेच आहे. स्वतः हजर राहून करायच्या कामाऐवजी प्रतिकृती वापरायची असेल, वापराचं पुरेसं नेमकं वर्णन नसेल आणि सही करणाऱ्याच्या बाजूने वकील किंवा युनियनही नसेल, तर ते कलम लागूच करता येत नाही.

कंप्युटरी चेहऱ्याबद्दल थोडक्यात. तो कुणाचाच नाही हे गृहीत धरायचं नसतं, तपासायचं असतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी राहिलेल्या जॅकलिन ओनासिस यांच्यासारख्या दिसणाऱ्या स्त्रीला घेऊन फॅशन कंपनी क्रिश्चन डिओरने केलेली जाहिरात १९८४ साली कोर्टाने थांबवली. फोटो त्या दुसऱ्या स्त्रीचा होता, तिची संमती होती, तरीही साम्य पुरेसं ठरलं. चेहरा बनवताना कुणाचं नाव किंवा फोटो दिला होता का, हे रिटचरकडून लेखी घ्या. तो चेहरा इमेज सर्चमध्ये टाकून कुणाशी जुळतो का ते पाहा आणि कामाशी संबंध नसलेल्या दोघांना 'ही कोण वाटते?' असं विचारा. आणि चेहरा खरंच कुणाचा नसला तरी त्याखालचं शरीर 'क'चंच आहे, म्हणजे तिचा कागद लागतोच.

हे कागद शूटच्या सकाळी मेकअपच्या खुर्चीत पुढे करू नका, बुकिंगबरोबर पाठवा. शूट होऊन गेलं असेल आणि 'क' सापडत नसेल, तर फ्रेम मानेखाली कापा. क्रॉप करायला तिचं साधं रिलीज बहुतेक वेळा पुरतं.