जर्नी मॅपमधला पेन पॉइंट नेमका कोणत्या रकान्यात लिहायचा?

जळगावातील एका महाविद्यालयात मी व्यवस्थापनाचा विषय शिकवतो. दरवर्षी एका सत्रात विद्यार्थ्यांना ऑनलाइन जेवण मागवण्याच्या सेवेचा कस्टमर जर्नी मॅप, म्हणजे ग्राहकाचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडणारा तक्ता, करायला सांगतो. या वर्षीही बहुतेक गटांच्या तक्त्यांत ‘डिलिव्हरी’च्या रकान्याखाली लाल शाईने एकच वाक्य होते : ‘जेवण उशिरा येते.’ हे वाक्य मी आता पेन पॉइंट, म्हणजे ग्राहकाला टोचणारी नेमकी अडचण, म्हणून स्वीकारत नाही. त्याचे कारण नीट सांगावे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तक्त्याची रचना सर्वांना ठाऊक असते. आडव्या ओळीत टप्पे येतात : भूक लागणे, ॲप उघडणे, हॉटेल निवडणे, पैसे भरणे, वाट पाहणे, पार्सल हाती येणे, जेवणे. प्रत्येक टप्प्याखाली ग्राहकाची कृती, टचपॉइंट म्हणजे त्याचा सेवेशी जिथे संबंध येतो ती जागा, भावना आणि अडचण लिहायची असते. एवढे भरले की काम झाले असे विद्यार्थ्यांना वाटते. परंतु अडचण जिथे जाणवते त्याच रकान्यात ती जन्मलेली असते, हे त्यांनी न तपासता गृहीत धरलेले असते, आणि चूक नेमकी तिथेच होते.

एका गटाला मी तक्ता परत केला आणि सांगितले की, एकाच ग्राहकाची एकच ऑर्डर घड्याळ लावून पाहा. त्यांनी शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंची परवानगी घेतली. ताईंनी रात्री शेवभाजी आणि पोळ्या मागवल्या. गटातील एक मुलगी ताईंच्या घरी बसली आणि एक मुलगा हॉटेलमालकाला विचारून काउंटरजवळ उभा राहिला. ऑर्डर ८.११ ला गेली आणि ३५ मिनिटांत जेवण येईल असे ॲपने सांगितले. हॉटेलने ती ८.१३ ला स्वीकारली. पार्सल ८.३१ ला तयार होऊन काउंटरवर आले. डिलिव्हरीवाला ते घेऊन ८.४० ला निघाला, ८.५२ ला नकाशावरच्या पिनपाशी पोहोचला आणि ९.०४ ला ताईंच्या फाटकाशी आला. एकूण ५३ मिनिटे लागली.

आता ही मिनिटे वेगवेगळी मांडून पाहा. स्वीकारायला २, स्वयंपाकाला १८, काउंटरवर पडून राहण्यात ९, रस्त्यावर १२ आणि घर शोधण्यात १२. काउंटरवरची ९ आणि शोधाची १२ मिनिटे वगळली, तर हेच जेवण ३२ मिनिटांत, म्हणजे सांगितलेल्या वेळेच्या आत पोहोचले असते. डिलिव्हरीवाल्याने रस्त्यात वेळ घालवलेला नव्हता. तरीही पहिल्या तक्त्यात सारा दोष त्याच्या नावावर होता, कारण ग्राहकाला माणूस म्हणून तेवढा तोच दिसतो.

शोधाची १२ मिनिटे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे नव्या वस्त्यांचे पत्ते गट नंबर आणि प्लॉट नंबरावर चालतात. गल्लीला नाव नसते आणि शेजारच्या दोन गट नंबरांत तोच प्लॉट नंबर पुन्हा सापडू शकतो. ताईंनी पत्ता अगदी बरोबर लिहिला होता. पण कित्येक महिन्यांपूर्वी तो जतन करताना त्या बँकेत बसलेल्या होत्या, आणि फोनने दाखवलेले जवळपासचे ठिकाण हाताने सरकवून त्यांनी पिन आपल्या वस्तीच्या अंदाजाने ठेवली होती. ती पलीकडच्या गट नंबरातील मारुती मंदिरापाशी पडली. डिलिव्हरीवाल्याला रस्ता दाखवला जातो तो पिनपर्यंत. लिहिलेला पत्ता तो तिथे पोहोचल्यावर वाचतो. म्हणून ८.५२ ला पहिला फोन आला, “ताई, मी मंदिराजवळ उभा आहे, आता कुठून येऊ?” असे एकूण तीन फोन झाले.

म्हणजे त्रास जाणवला पार्सल हाती येण्याच्या टप्प्यात, पण उगम पत्ता जतन करण्याच्या टप्प्यात होता, आणि तो टप्पा विद्यार्थ्यांच्या तक्त्यात नव्हताच, कारण त्यांचा प्रवास ‘भूक लागणे’ इथून सुरू होत होता. प्रवास कुठून सुरू करायचा हा निर्णय तयार साच्यावर सोडू नये, असे मी आग्रहाने म्हणतो ते याच अनुभवामुळे. टचपॉइंटचेही तसेच आहे. विद्यार्थी ॲपचे पडदे तेवढे मोजतात. ते तीन फोन, पिशवीला स्टेपल केलेले बिल, फाटकावरची भेट, हेही टचपॉइंटच आहेत, आणि या ऑर्डरमध्ये ताईंच्या मनावर परिणाम झाला तो मुख्यतः त्यांचाच.

काउंटरवरची ९ मिनिटे ग्राहकाला कधीच दिसत नाहीत. त्यासाठी तक्त्यात ग्राहकाच्या ओळींखाली एक रेघ ओढून तिच्याखाली पडद्यामागचे काम लिहावे लागते. सेवेचा असा आराखडा सेवांच्या विपणनावर लिहिणाऱ्या लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये मांडला आणि त्या रेघेला त्यांनी दृश्यतेची रेघ म्हटले. या रेघेखाली हॉटेल, पार्सल आणि डिलिव्हरीवाल्याची नेमणूक आली की मग शेवभाजीचेही कोडे सुटते. ताईंनी जेवताना सांगितले की शेव पार मऊ झाली होती. पहिल्या तक्त्यात याची नोंद ‘चव साधारण’ अशी झाली असती. प्रत्यक्षात हॉटेलने ८.३१ ला शेव रश्श्यात घालूनच डबा बंद केला होता आणि ती ३३ मिनिटे रश्श्यात भिजत राहिली. खान्देशात कोणालाही विचारा, शेव ऐन वाढतानाच रश्श्यात घालायची असते. त्रास जेवणाच्या रकान्यातला, उगम पॅकिंगचा. आणि उपाय म्हणजे शेवेची वेगळी पुडी.

तक्त्यात ग्राहकाच्या मनःस्थितीचा चढउतार दाखवणाऱ्या भावनांच्या रेषेबद्दलही थोडे लिहितो, कारण ती बहुधा अंदाजाने काढली जाते. जेवण झाल्यावर विचारले की माणसाला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट एवढेच प्रामुख्याने आठवते. म्हणून त्या मुलीने ठरलेल्या प्रत्येक टप्प्यावर ताईंकडून एक ते पाच यांतील आकडा लगेच लिहून घेतला. विद्यार्थ्यांचा अंदाज होता की सर्वांत खालचा बिंदू फाटकावर, ९.०४ ला असेल. ताईंनी तिथे तीन दिले होते. एक हा आकडा त्यांनी ८.५० च्या सुमारास दिला होता, जेव्हा सांगितलेली वेळ उलटून गेली होती आणि ॲप मिनिटे पुढे ढकलत होते, पण कारण काहीच सांगत नव्हते. डिलिव्हरीवाल्याशी बोलणे सुरू होताच त्यांचा आकडा वर गेला. उशिरापेक्षा उशिराचे कारण न कळणे त्यांना जास्त जाचले, हे त्या दोन आकड्यांतून स्वच्छ दिसते.

एका ऑर्डरवरून सेवेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे मी गटाला स्पष्ट सांगितले. त्याच प्रकारच्या ग्राहकाच्या आणखी पाच-सहा ऑर्डरी पाहाव्यात. मात्र वसतिगृहातील विद्यार्थी आणि घरी कुटुंबासाठी मागवणाऱ्या ताई यांची सरासरी काढून एकच पर्सोना, म्हणजे नमुना ग्राहक, बनवू नये. वसतिगृहाचे फाटक सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे शोधाची अडचण अशा सरासरीत बुडून जाते. डिलिव्हरीवाल्याचे नाव किंवा नंबर तक्त्यात येऊ नये, हेही मी बजावले.

पुढच्या आठवड्यात ताईंनी पिन घराच्या गच्चीवर उभे राहून दुरुस्त केली आणि गटाने दुसरी ऑर्डर मोजली. शोधाची १२ मिनिटे २ वर आली, एकही फोन झाला नाही. काउंटरवर मात्र पार्सल या वेळी ११ मिनिटे पडून होते, आणि गटाने दुसऱ्या तक्त्यात लाल शाईची खूण तिथे, रेघेच्या खाली केली.