ताठ बसा, पण तासभर नको

आमच्या क्लिनिकच्या पेजसाठी कंबरदुखीवर पोस्ट करायची होती. डिझाइन करणाऱ्या मित्राने चित्रावर मजकूर आधीच टाकून ठेवला होता, 'कंबरदुखीपासून कायमची सुटका'. तो मी काढायला लावला. "मग लोक येतील कशाला?" असं त्याचं म्हणणं. प्रश्न रास्त आहे, पण कंबर एकदा दुखून थांबली की पुन्हा कधीतरी डोकं वर काढते, हे बहुतेकांच्या बाबतीत होतं. कायमचं काही लिहून द्यायला मी तयार नाही. म्हणून चित्रावर फक्त पत्ता आणि वेळ ठेवली आणि सांगायचं ते इथे सविस्तर लिहितेय.

एका ताईंचं उदाहरण घेते. ओळख सांगत नाही, तपशीलही थोडे बदललेत. वय चाळिशीच्या आसपास, दिवसभर लॅपटॉपवर काम. आल्या त्याच 'मणक्यात गॅप आलाय' असं म्हणत, हातात एमआरआयची फाइल. मी फाइल बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, दुखतं कधी? सकाळी बेसिनवर वाकून दात घासताना कळ येते. दुपारी बराच वेळ बसून उठलं की लगेच सरळ होता येत नाही, चार पावलं वाकूनच टाकावी लागतात. चालायला लागलं की मोकळं वाटतं. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. तपासणीतही पायाची ताकद आणि संवेदना व्यवस्थित होत्या. म्हणजे वाकण्याने आणि एकाच जागी बसण्याने वाढणारं, हालचालीने कमी होणारं दुखणं. बसून काम करणाऱ्यांमध्ये हा प्रकार आम्ही सतत बघतो.

रिपोर्ट बाजूला ठेवला याचा त्यांना थोडा रागच आला. पण कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे 80 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि सुमारे 60 टक्के लोकांची चकती फुगलेली होती. दुखणं मात्र नाही! रिपोर्ट खोटा नसतो, पण त्यात दिसलेली प्रत्येक गोष्ट दुखण्याचं कारण असतेच असं नाही.

मग ताईंना म्हटलं, घरी कामाला बसल्यावर कुणाला तरी बाजूने एक फोटो काढायला सांगा, तुम्हाला न कळवता. (कळवून काढला की सगळे शाळेतल्यासारखे ताठ बसतात.) फोटोत खुर्ची चांगली महागातली होती, पण ताई तिच्या पुढच्या कडेवर. कारण साधं होतं. खुर्चीची बैठक खोल, मागे टेकलं की पाय जमिनीला पोचत नव्हते. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवलेला, त्यामुळे मान खाली, पाठ पोक काढून. अशा वेळी 'ताठ बसा' सांगून काय उपयोग? पाच मिनिटं बसतील, मग पुन्हा तेच.

आम्ही बदललं ते एवढंच. पायाखाली पाट ठेवला, म्हणजे मागे सरकून बसता आलं. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटांची फट राहिली की बैठक ठीक समजा. टॉवेलची गुंडाळी पट्ट्याच्या थोडी वर, कमरेच्या खोलगट भागात. खुर्चीची पाठ काटकोनात न ठेवता किंचित मागे कललेली. लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवला, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली आणि स्क्रीन हातभर अंतरावर. याबरोबर वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतोच, नाहीतर मान वाचते आणि खांदे भरून येतात.

पण माझ्या मते खरा बदल बसण्यात नव्हता, उठण्यात होता. एक बोट मागे वाकवून तसंच धरून ठेवा. सुरुवातीला काही वाटत नाही, थोड्या वेळाने ठणकायला लागतं आणि बोटाला काही झालेलं नसतं. कमरेच्या अस्थिबंधांचंही तसंच. वीसेक मिनिटं पोक काढून बसलं की ते हळूहळू ताणले जातात आणि उठल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. म्हणून बसून उठल्या उठल्या वाकून जड वस्तू उचलू नये, नेमकी तेव्हाच उसण भरते. ताईंना दर पंचवीस-तीस मिनिटांनी उठायला सांगितलं. उभं राहून हात कमरेवर ठेवायचे आणि सावकाश चार-पाच वेळा मागे झुकायचं. दुखणं वाढलं किंवा पायात उतरलं तर लगेच थांबायचं. हा व्यायाम सगळ्यांसाठी नाही. वयस्कर माणसांमध्ये कधी उलट असतं, उभं राहिलं आणि चाललं की पाय भरून येतात आणि बसलं की आराम पडतो. त्यांना मागे झुकणं त्रासाचं ठरू शकतं.

सकाळच्या कळेचं कारण वेगळं. रात्री आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर किंवा थोडी जास्तच भरते. यातली निम्मी वाढ उठल्यावर पहिल्या तासाभरातच उतरते. तोवर कंबर कडक असते, म्हणून तो तास खोल वाकणं टाळावं. दात घासताना एक हात बेसिनवर टेकवा, एक पाय छोट्या स्टुलावर ठेवा आणि वाकायचंच तर कंबर गोल न करता खुब्यातून वाका. मोजे बसून घाला, पाय वर घेऊन.

फरक पडतोय की नाही हे दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरवू नका, ती रोज बदलते. किती वेळ बसल्यावर सुरू होतं आणि उठल्यावर किती वेळात शमतं, हे बघा. पायातली कळ वर सरकत कमरेपुरती राहिली तर ते बहुधा चांगलं लक्षण. कंबर कमी आणि पोटरी जास्त दुखू लागली तर ते चांगलं नाही, दाखवून घ्या. ताईंचं पुढे काय झालं ते मुद्दाम लिहीत नाही. त्यांचा अनुभव वाचून तुम्ही तुमचा हिशोब मांडाल, आणि तो तसा बसत नाही.

काही वेळा आमच्याकडे येऊच नका. लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर थेट रुग्णालयात, त्याच दिवशी. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी कर्करोग झालेला असणं किंवा रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारी वेदना असेल, तर आधी डॉक्टर.

बाकीच्यांसाठी : क्लिनिक सोमवार ते शनिवार सकाळी 9 ते 1 आणि संध्याकाळी 4.30 ते 8.30, रविवारी बंद. वेळ आधी घेऊनच या. पेजवर मेसेज करा आणि त्यात नाव, वय, दुखणं कधीपासून आणि तुम्हाला जमणारी वेळ लिहा. पहिल्या भेटीला पाऊण तास लागतो, तो बराचसा बोलण्यात आणि तपासणीत जातो. सैल कपडे घाला, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी आणा. किती वेळा यावं लागेल हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही, फोनवर तर नाहीच. येणं जमत नसेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा, ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येते. आणि कामाला बसल्याचा बाजूने काढलेला फोटो आणायला विसरू नका, न कळवता काढलेला.