‘थोडं फ्लेक्सिबल होता येईल का?’ विचारल्यानं पगार वाढत नसतो

“ऑफरचा फोन आला की फक्त एकच वाक्य बोला, ‘मॅडम, यात थोडं फ्लेक्सिबल होता येईल का?’ आणि गप्प बसा. आकडा समोरचाच वाढवेल. आणि एक चूक कधीच करू नका, तुमचा आकडा आधी सांगू नका. जो आधी बोलला, तो संपला.”

हा व्हिडिओ मला एकाच आठवड्यात तिघांनी पाठवला, त्यातला एक माझा भाचा. मी अकरा वर्षं जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआरचं काम केलंय, म्हणजे हे वाक्य ऐकणाऱ्या खुर्चीत बसलोय. तिथून ते कसं ऐकू येतं, ते सांगतो.

आधी वाक्याचं बघू. या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच असतं, आणि ‘नाही’ म्हणायला काहीच पडत नाही. प्रत्येक जागेसाठी पगाराची एक पट्टी आधीच मंजूर असते. पट्टीच्या आतलं थोडंफार एचआरवाला स्वतः देऊ शकतो. त्याच्या वर जायचं तर त्याला प्लांट हेडला मेल टाकावी लागते, आणि त्या मेलमध्ये कारण लिहावं लागतं. ‘उमेदवारानं फ्लेक्सिबल होता येईल का असं विचारलं’ हे काही कारण नव्हे. तुम्ही आकडा आणि कारण दिलंत, तर तो ते जसंच्या तसं मेलमध्ये चिकटवतो. त्याला हवं असतं ते हेच.

गप्प बसण्याचं तर बोलूच नका. समोरासमोर ठीक आहे, पण ऑफर येते फोनवर, पोरगा उभा असतो गच्चीवर रेंज शोधत. तो गप्प झाला की पुण्याच्या मॅडम म्हणतात, “हॅलो? आवाज येतोय का?” तिसऱ्या हॅलोला फोन कट.

आता भाच्याचं प्रकरण. मेकॅनिकल डिप्लोमा, दोन वर्षं जळगावातच क्वालिटी विभागात. पाचोऱ्याहून रेल्वेचा पास काढून रोज येजा. पगार महिन्याला 22,000, त्यातून पीएफचे 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 जाऊन हातात 20,000. चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली, सीटीसी वर्षाला 4,20,000. म्हणजे महिन्याला 35,000. घरात पेढे आले. आजीनं मात्र नेमका प्रश्न विचारला, “हातमा कितला येतस?”

तो फोन करून म्हणाला, “मामा, व्हिडिओतलं वाक्य आत्ताच बोलू का?” मी म्हटलं, आधी ब्रेकअप मागव. ईमेलवर आला. 35,000 मधले 3,500 व्हेरिएबल होते, म्हणजे वर्षाखेरीस, कंपनीचं आणि तुझं काम बघून, मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 त्यातच धरलेला. बेसिक 17,500, त्यावर 4.81 टक्क्यांनी ग्रॅच्युइटीचे 842, जी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं टिकलं तर हाती येते. उरले 28,858. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स मिळून 2,000 गेले की हातात 26,858.

म्हणजे वाढ तेरा हजारांची दिसत होती, ती निघाली 6,858 ची. आणि चाकणला कॉटबेसिसवर खोलीचे 4,000, मेसचे 3,500. घरचं जेवण सोडून, गाव सोडून, पोरगा महिन्याला साडेसहाशे रुपयांनी खाली येत होता.

इथं ‘फ्लेक्सिबल होता येईल का’ म्हणून एचआरनं सीटीसीत वर्षाला दहा हजार वाढवले असते आणि ते व्हेरिएबलमध्ये टाकले असते, तर त्याला वाटलं असतं आपण जिंकलो. हातात मात्र एक रुपया वाढला नसता. मागणी कुठल्या ओळीवर करायची ते ठरवल्याशिवाय बोलण्यात अर्थ नसतो.

आम्ही ओळ ठरवली व्हेरिएबलची. त्यानं मॅडमना फोन करून सांगितलं: “मॅडम, मला ही नोकरी करायची आहे. सीटीसी वाढवा असं म्हणत नाही. पण घर सोडून यायचं तर राहण्या-जेवणाचे महिन्याला साडेसात हजार नवे लागणार. व्हेरिएबलचे 3,500 फिक्समध्ये घेतले तर मला जमेल. मापं तपासायचं सीएमएम मशीन मी दोन वर्षं एकट्यानं चालवतोय, शिकवायला लागणार नाही.” शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. मेलमध्ये जायचं कारण तेच होतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 3,500 पैकी 2,000 फिक्समध्ये आणि 15,000 जॉइनिंग बोनस, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायच्या अटीवर. हातात 28,858. खर्च वजा जाता जळगावपेक्षा 1,358 जास्त. फार नाही, पण उणे नाही. ‘सहा महिन्यांनी बघू’ असंही मॅडम म्हणाल्या होत्या. ते ऑफर लेटरमध्ये नव्हतं, म्हणून आम्ही ते हिशोबात धरलंच नाही.

आता ती ‘चूक’. आकडा आधी सांगायचा नाही, हे ऐकायला हुशारीचं वाटतं, पण आपल्याकडे अर्ज भरतानाच ‘करंट सीटीसी’ आणि ‘एक्स्पेक्टेड सीटीसी’ असे दोन रकाने असतात. रिकामे ठेवले तर कन्सल्टंट बायोडेटा पुढे सरकवतच नाही. जुना पगार तर लपतच नाही, मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतात. मग ‘ॲज पर कंपनी नॉर्म्स’ लिहिणाऱ्याचं आम्ही काय करायचो? जुन्या पगारावर ठरलेले टक्के लावायचो आणि पुढचा अर्ज घ्यायचो. म्हणजे आधी बोलला तो तुमचा जुना पगारच. जळगावच्या पगारावर टक्के लावून चाकणचा आकडा काढला तर तो कमीच निघणार.

गॅलिन्स्की आणि मुसवायलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2001 साली वाटाघाटींचे प्रयोग छापले. पहिला आकडा मांडणाऱ्याच्या बाजूला शेवटचा आकडा झुकतो, असं त्यांना दिसलं. मात्र ज्याला बाजारभाव माहीत आहे त्यानंच हे करावं. त्या कामाला चाकणला काय देतात याचा पत्ता नसेल आणि तुम्ही 25,000 म्हणून बसलात, तर व्हिडिओवाला बरोबर ठरतो. आपल्या गावचा कोणी ना कोणी तिकडे असतोच. हातात किती येतात, हे त्याला विचारायला एक फोन लागतो.

कॅम्पसमधून निवड झालेल्यांनी तर दोन्ही सल्ले सोडून द्यावेत. अख्ख्या बॅचला एकच पॅकेज असतं, तिथं एकट्यासाठी ते सहसा हलत नाही. विचारायचं ते बाँड किती वर्षांचा, मोडला तर किती भरायचे, आणि जॉइनिंग कुठे.

चूकच सांगायची तर मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक वेगळीच आहे. तोंडी ‘हो’ ऐकून पोरानं त्याच संध्याकाळी राजीनामा टाकला. मग ऑफर लेटर आलं, आकडा कमी. आता बोलणार काय? जुन्या ठिकाणी नोटीस पिरियड सुरू झालेला, आणि ते समोरच्यालाही माहीत. भाच्यानं लेटर हातात येईपर्यंत जळगावात कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता. आजीला सोडून.