सिस्टर, तो कागद जरा इकडे द्या

माझ्या एकपानी आर्थिक नियोजनावर सध्या एका पेशंटच्या सोनेरी पेनाचे फराटे आहेत. रात्रपाळीत वॉर्ड जरा निवांत झाला म्हणून मी ते काढलं होतं. पगार हातात 24,000. खोली, मेस, घरी पाठवायचे मिळून 13,000. एज्युकेशन लोन 3 लाख, साडेदहा टक्के, 7 वर्षं, म्हणून हप्ता 5,058. राहिलेल्यातले 4,000 एम.एस्सी. नर्सिंगसाठी आरडीत, उरलेले अडीअडचणीला. झालं नियोजन!

तेवढ्यात काका आले. पोटाचं ऑपरेशन झालेलं, वायू सरेपर्यंत चहा बंद, म्हणून डॉक्टरांनी फेऱ्या मारायला सांगितलेल्या. वायू काही सरेना, पण काका विमा एजंट निघाले.

"सिस्टर, आरडी? साडेसहा टक्के? अहो, महिना 2,500 ची पॉलिसी घ्या, 20 वर्षं. टॅक्सही वाचेल!"

"काका, या पगारावर मला टॅक्स लागतच नाही."

"पुढे लागेल!" एका हातात सलाइनचा स्टँड, दुसऱ्या हाताने माझ्या आरडीवर काट.

आता खरं तर साडेदहाचं कर्ज असताना साडेसहाची आरडी हा तोट्याचाच सौदा. एक काट बरोबर होती म्हणा. पण कर्जात जादा भरलेले पैसे बँक फीच्या वेळी परत देत नाही. 2 वर्षांत आरडीचे साधारण 1 लाख 2 हजार 700 होतील, ते फीला. आणि शिकताना पगार बंद झाला तरी हप्ता चालूच. 2 वर्षांचे हप्तेच 1 लाख 21 हजार. म्हणून कागदाच्या तळाशी मी लिहून ठेवलंय: शिकताना हप्ता थांबेल का, बँकेला लेखी विचारणे; थांबला तरी व्याज चढतंच. त्यात काकांचे 2,500 कुठून भरू? आणि पॉलिसी मध्येच सोडली तर भरले त्याहून बरेच कमी हातात.

"बरं, टर्म पॉलिसी द्या," मी म्हटलं. "कर्जाला बाबा सहकर्जदार आहेत. मला काही झालं तर त्यांच्या गळ्यात नको."

काकांचा चेहरा पडला. "टर्म? त्यात परत काय मिळतं?" टर्मचा हप्ता छोटा, मग कमिशनही तेवढंच. स्टँड ढकलत काका थेट बेडवर.

घराघरातले काका, मामा, आत्याचे दीर, सगळ्यांना आमच्याच पगारातून गुंतवणूक हवी. पगार कधी वाढणार, हे मात्र कोणी विचारत नाही. रात्रभर उभं राहून पायाला गोळे येतात, आणि वर मी 'पैशाचं कळत नसलेली पोरगी'!

पहाटे काकांचा वायू सरला. चहा मीच दिला. डिस्चार्जच्या वेळी त्यांनी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिलं: 'स्टाफ प्रेमळ. पण दूरदृष्टी नाही.' इन्चार्ज सिस्टरनी ते हँडओव्हरला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.