लेखक-टीप कशी लिहावी

रावेर-यावलच्या केळीवरच्या करप्याचा तुमचा पेपर जर्नलने स्वीकारला, अभिनंदन. आता लेखक-टीप तेवढी राहिली. काम कुठे झालं, कोणी काय केलं आणि पत्र कोणाला पाठवायचं, एवढंच संपादक विचारतो. सरळ उत्तरं दिली तर सगळ्यांना सगळं कळेल, म्हणून जरा जपून.

आधी संस्थेचं नाव. पानांचे नमुने तुम्ही पीएचडी करताना जळगावच्या प्रयोगशाळेत तपासले आणि जूनमध्ये शिरपूरच्या कॉलेजात लागलात, असं धरू. रीतीप्रमाणे काम झालं ती संस्था नावाखाली येते आणि नवं कॉलेज टिपेत ‘सध्याचा पत्ता’ म्हणून. पण प्राचार्यांच्या टेबलावर नॅकची फाईल उघडी पडलीय ना? मग जळगाव पुसा. ‘साहित्य आणि पद्धती’मध्ये मात्र जळगावचीच प्रयोगशाळा आणि तुम्ही रुजू होण्याआधीच्या तारखा राहू द्या. परीक्षकालाही काही विरंगुळा हवा.

मग भूमिका. क्रेडिट नावाची 14 भूमिकांची यादी आता बरीच जर्नलं पुढे करतात. त्यात संकल्पना, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख असं सगळं असतं. बांधाबांधाने फिरून पानं तोडणारी, आकडेमोडही करणारी विद्यार्थिनी आभारात टाका. विभागप्रमुखांनी पेपर उघडला नसला तरी त्यांना लेखक करा आणि ‘संकल्पना’ द्या. संकल्पनेची पावती कोण मागतो? मसुदा तपासून मान्य केला नाही आणि कामाची जबाबदारी घेतली नाही, तर तो लेखक नव्हे, नुसती देखरेख पुरत नाही, असं वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती म्हणते. म्हणू द्या. ते डॉक्टर लोक, आपली केळी.

नावापुढची चांदणी, म्हणजे करस्पाँडिंग ऑथर, हीसुद्धा सरांनाच वाहा. यूजीसीच्या 2018च्या नियमांत दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला 70 टक्के गुण आणि प्रत्येक सहलेखकाला 30. सरांची मेल क्लार्क उघडतो, तोही सवडीने. प्रूफ येईल, दोन दिवसांत दुरुस्त्या मागतील, तेव्हा सर भुसावळला लग्नात असतील. तक्त्यात सरकलेलं दशांशचिन्ह तसंच छापून येईल.

सरांनी नकोच म्हटलं, तर स्वतःची मेल द्या, पण कॉलेजचीच. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, नेमणूक संपली की खातंही बंद. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा 16 अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, म्हणून तो चुकूनही लिहू नका.

पुढेमागे तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रातल्या कोणी मूळ आकडे मागितलेच, तर मेल आल्या पावली परत जाईल. आकडे त्या विद्यार्थिनीच्या वहीत आहेत. तिचं नाव आभारात आहे, तेही नुसतं पहिलं.