पान एकची सक्ती

शनिवारी अप्पा बळवंत चौकात एका अनोळखी आजोबांनी मला माझ्याच मुलीसमोर झापलं. अजून जळजळतंय.

मुलगी पंधरा वर्षांची. वाचन म्हणजे बोअर, हे तिचं ठाम मत. मी दोनदा 'कोसला' दिली, दोनदा ती चौथ्या पानावरून परत आली. तिसऱ्यांदा मी दुकानातच उभ्याउभ्या पुस्तक मधून उघडलं. पांडुरंग सांगवीकर पुण्यात हॉस्टेलवर राहतो, नको ती पदं अंगावर घेतो आणि पैशांच्या घोळात अडकतो, तो भाग. अर्धं पान मोठ्यानं वाचलं आणि मुद्दाम मध्येच थांबलो.

"अहो, कादंबरी आहे ती! मधून काय वाचताय?"

मागे कापडी पिशवी, काखेत छत्री. छत्री, कडक उन्हात.

"मधून सुरू केलं तर मुलांना..."

"उद्या क्लायमॅक्सपासून नाटक बघाल! लेखकानं पान एक कशाला छापलंय?"

छापतो प्रकाशक. पण हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

"तुम्ही वाचलीत का?" मी विचारलं.

"चार वेळा सुरू केलीय," आजोबा ताठ मानेनं म्हणाले. "पहिल्या पानापासून!"

दुकानदार हसला नाही. तो कधीच हसत नाही. सुटे मागितले की तर आणखीच नाही.

आजोबांना सांगायचं राहिलं ते असं. पहिल्या पानावर मुलांच्या मनात प्रश्नच नसतो. कोण हा पांडुरंग, मला काय त्याचं? तो आधी गोत्यात सापडला की "हा इथवर आला कसा?" हे विचारायला पोरं आपणहून मागे जातात. योग्य जागा शोधायची तर ती खुणेवरून कळते. वाचणं थांबवल्यावर "किती पानं आहेत?" आलं, तर जागा चुकली. "मग?" आलं, तर लागली. याच कादंबरीत डायरीचा भागही आहे. दुसऱ्याची डायरी वाचायला कुठलं पोर नाही म्हणेल?

पण कुठूनही शिरता येत नाही. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग मी उघडला नाही. सर्वांत जोरकस भाग तोच, पण मनीशी ओळख नसताना वाचला तर ती नुसती बातमी होते. शिवाय पुढे ओळख झाल्यावर बसणारा धक्काही वाया जातो.

"मग दिले का त्यानं पैसे?" मुलीनं स्कूटरवर विचारलं. मी बोललो नाही. कारण मी अजून आजोबांना उत्तर जुळवत होतो, आणि लक्ष्मी रोडवर कुणीतरी गाडी आडवी लावली होती.

रात्री तिच्या खोलीतला दिवा चालू होता. अकरा वाजता ओरडायला गेलो, तर पुस्तक उघडं, आणि चक्क पहिल्याच पानावर.

"बाबा, हा वय सांगतानापण 'उदाहरणार्थ' म्हणतो!"

"झोप आता."

"झोपते. आणि ते आजोबा आता उदाहरणार्थ पाचव्यांदा सुरू करतील वगैरे."