आयर्न कॉन्डर म्हणजे महिन्याचा पगार? फॉरवर्ड टाकणाऱ्याने एकदा कागद-पेन घ्यावं

फिरत असलेला मेसेज, जसाच्या तसा:

«आयर्न कॉन्डर लावा आणि झोपा. १) दहापैकी नऊ वेळा जिंकता. २) विंग जितकी अरुंद तितकी रिस्क कमी, मार्जिनपण कमी लागतं, म्हणून वाचलेल्या मार्जिनमध्ये लॉट वाढवा. ३) एक बाजू टेस्ट झाली तर घाबरू नका, दुसरी बाजू जवळ आणा, रिस्क झीरो होते. ४) एक्सपायरीपर्यंत धरा, सगळा प्रीमियम तुमचा.»

हे मला भाच्याने पाठवलं, आणि खाली लिहिलं होतं «मामा, मी तीन लॉट लावलेत». तोपर्यंत मी असले मेसेज न वाचता पुढे जायचो. आता उत्तर देणं भाग आहे.

आकडे त्याच्याच पोझिशनचे घेतो, फक्त सोपे करून. इंडेक्स २०,०००, एक्सपायरीला ३० दिवस, आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली वर्षाची चढउतार, साधारण १४ टक्के. म्हणजे बाजाराच्या हिशोबाने महिन्याभरात एक स्टँडर्ड डेव्हिएशनची हालचाल जवळपास ८०० पॉइंट. त्याने २०,८०० चा कॉल आणि १९,२०० चा पुट विकला, आणि दोन्हीकडे २०० पॉइंट लांबचा विकत घेतला, २१,००० चा कॉल आणि १९,००० चा पुट. हाच आयर्न कॉन्डर, आणि ते २०० पॉइंटचं अंतर म्हणजे विंग. दोन्ही बाजू मिळून क्रेडिट साधारण ५२ पॉइंट.

पहिला मुद्दा पटकन उरकतो. विकलेल्या दोन्ही स्ट्राइकचा डेल्टा सोळाच्या आसपास आहे. डेल्टा म्हणजे ढोबळमानाने एक्सपायरीला ती स्ट्राइक पार होण्याची शक्यता. दोन्हीकडे सोळा-सोळा म्हणजे बत्तीस टक्के वेळा तुम्ही शॉर्ट स्ट्राइकच्या बाहेर जाणार. क्रेडिटची उशी धरली तरी फायद्याची शक्यता सत्तरच्या आसपास येते. नव्वद हवे असतील तर पाच डेल्टाचे ऑप्शन विका, मग क्रेडिट किती उरतं तेही बघा. एक अर्धसत्य मात्र आहे: निम्मं क्रेडिट कमावल्यावर पोझिशन बंद करत गेलात तर जिंकायचं प्रमाण खरंच वाढतं. पण मग जिंकलेली रक्कमही निम्मीच, हे मेसेजवाला सांगत नाही. आणि अजून एक गोष्ट, जी फार कमी लोक लक्षात घेतात: महिन्याभरात कधी ना कधी स्ट्राइकला *स्पर्श* होण्याची शक्यता ही एक्सपायरीला बाहेर राहण्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे एखादी बाजू टेस्ट होणं हा अपवाद नाहीच, अर्ध्याहून जास्त महिन्यांत ते होणार असं धरूनच चालायचं.

आता विंगचं. इथे मेसेज सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो अर्धा खरा आहे. एकाच लॉटचं बघितलं तर हो, २०० ची विंग म्हणजे जास्तीत जास्त नुकसान २०० वजा ५२, म्हणजे १४८. तेच ६०० ची विंग घेतली (२१,४०० चा कॉल, १८,६०० चा पुट) तर क्रेडिट १०८ आणि कमाल नुकसान ४९२. इथपर्यंत कबूल. पण पुढचं वाक्य «लॉट वाढवा», आणि तिथेच सगळं पाणी फिरतं. भाच्याचे तीन लॉट म्हणजे कमाल नुकसान ४४४, जवळजवळ रुंद विंगच्या एका लॉटइतकंच. रिस्क कमी कुठे झाली? फक्त तिचा आकार बदलला.

आकार कसा बदलला ते एक्सपायरीला इंडेक्स २१,००० वर आहे असं धरून बघा. अरुंद विंगवाला पूर्ण हरला, १४८ गुणिले ३, म्हणजे ४४४ पॉइंट गेले. रुंदवाल्याचं नुकसान २०० वजा १०८, फक्त ९२. बाजार तोच, कमाल रिस्कही जवळपास तीच. अरुंद विंगमध्ये पूर्ण नुकसानाची रेषा शॉर्ट स्ट्राइकपासून २०० पॉइंटवरच असते, त्यामुळे ती पार व्हायची शक्यता साधारण एकवीस टक्के. रुंदमध्ये तीच शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास. उलट बाजार आत राहिला तर अरुंदवाला तीन लॉटवर १५६ कमावतो, रुंदवाला १०८, हे नाकारत नाही. पण तो जास्तीचा फायदा फुकट मिळालेला नाही, आणि त्यातून चार लेगचे तीन लॉट उघडायचे आणि बंद करायचे असतात. प्रत्येक लेगला भाव-फरकात एकच पॉइंट गेला असं धरा: उघडून-मिटून लॉटमागे ८ पॉइंट. अरुंदमध्ये ५२ मधले ८ म्हणजे पंधरा टक्के क्रेडिट गेलं, रुंदमध्ये १०८ मधले ८ म्हणजे सात टक्के.

कोणी म्हणेल मामा स्वतःच्या मनाचं सांगतोय. तर शिकागोच्या सीबो एक्सचेंजचा CNDR नावाचा इंडेक्सच आहे, एस अँड पी ५०० वर दर महिन्याला आयर्न कॉन्डर लावणारा. त्याच्या नियमात शॉर्ट ऑप्शन वीस डेल्टाच्या आसपास आणि विकत घेतलेले पाच डेल्टाच्या आसपास. म्हणजे विंग पॉइंटमध्ये ठरवलीच नाहीये, डेल्टावर ठरवलीये. पाच डेल्टाचा ऑप्शन खूप स्वस्त असतो आणि एका मोठ्या झटक्यातच कामाला येतो, त्याचं काम तेवढंच. माझ्या उदाहरणातला २१,४०० चा कॉल चार-पाच डेल्टाचा आहे, तर २१,००० चा दहा-अकराचा. म्हणजे भाच्याने विमा जवळचा घेतला, त्यात निम्म्याहून जास्त प्रीमियम घालवला आणि मग तो भरून काढायला लॉट वाढवले.

तिसरा मुद्दा. हा वाचून मी चहा खाली ठेवला.

समजा पंधरा दिवस झाले, इंडेक्स २०,६५० वर आला, आयव्ही तेवढाच. कॉलची बाजू टेस्ट होतेय, विकलेल्या कॉलचा डेल्टा चाळीसवर. कॉल स्प्रेड आता ६७ ला, पुट स्प्रेड जेमतेम २ ला. आत्ता सगळं बंद केलं तर ६९ द्यावे लागतात आणि मिळाले होते ५२, म्हणजे लॉटमागे १७ पॉइंटचं नुकसान. दुखतं, पण इतकंच.

मेसेजवाल्याचा इलाज काय, तर पुटची बाजू उचलून २०,४०० आणि २०,२०० वर आणा. आणली. नव्या पुट स्प्रेडचे ५५ मिळाले, जुना बंद करायला २ गेले, हातात ५३. एकूण क्रेडिट १०५. कमाल नुकसान २०० वजा १०५, म्हणजे ९५. कबूल, १४८ वरून ९५ झालं, हा फायदा खरा आहे. पण झीरो? झीरो व्हायला एकूण क्रेडिट विंगच्या रुंदीइतकं, म्हणजे २०० व्हायला हवं, आणि ते व्हायच्या आधी तुमचा पुट कॉलच्या पलीकडे गेलेला असेल. तसं झालं की दोन्ही शॉर्ट एकाच वेळी आत असतात आणि मधल्या अंतराइतकं देणं नक्की होऊन बसतं.

खरी किंमत दुसरीकडे मोजली जाते. आधी तुम्ही १९,१४८ ते २०,८५२ या पट्ट्यात कुठेही फायद्यात होता, १,७०० पॉइंटची मोकळीक. आता पट्टा २०,२९५ ते २०,९०५, म्हणजे ६१० पॉइंट. उरलेल्या पंधरा दिवसांत नुकसानीत संपायची शक्यता आधी छत्तीस टक्के होती, ती साठ टक्क्यांवर गेली! नुकसान लहान झालं पण जास्त वेळा होणारं झालं, ऑप्शनचे भाव ही अदलाबदल फुकटात करू देत नाहीत. आणि बाजार वर जाऊन परत फिरला (तो फिरतोच, तुम्ही अॅडजस्ट केल्यावर तर हमखास) आणि २०,१०० ला बंद झाला, तर काहीच न करणारा तीन लॉटवर १५६ कमावतो, अॅडजस्ट करणारा २८५ हरतो. ज्या बाजूला काही त्रास नव्हता तिथेच मार खातो.

दुसरी बाजू कधीच हलवायची नाही असं मी म्हणत नाही. पण ती परत सोळा ते वीस डेल्टाच्या आसपास आणा, इथे २०,१५० आणि १९,९५०. हातात येतात २९, २०,४०० च्या पुटसारखे ५३ नाहीत, पण खालचा ब्रेकइव्हन २०,०६९ ला राहतो आणि परतीला जागा उरते. शिवाय हे एकदाच, आणि एक्सपायरीला दोन-तीन आठवडे असताना. टेस्ट झालेली बाजू त्याच एक्सपायरीत वर सरकवायला पदरचे पैसे घालावे लागतात. पुढच्या महिन्यात रोल करून क्रेडिट मिळतं, पण तो नवा ट्रेड आहे, आज कोरा असताना हाच ट्रेड घेतला असता का, एवढं विचारा आणि मग करा. नाहीतर सरळ लॉट कमी करा. मी स्वतः नुकसान मिळालेल्या क्रेडिटइतकं झालं किंवा शॉर्टचा डेल्टा पस्तीस-चाळीस झाला की निघतो, आणि हे पोझिशन उघडतानाच लिहून ठेवतो, कारण लाल आकडा दिसायला लागल्यावर माझंही डोकं चालत नाही.

आणि कोणी म्हणेल की स्टॉपलॉस लावला की विंगची काय गरज, त्याने ५ फेब्रुवारी २०१८ आठवावा. एस अँड पी ५०० एका दिवसात चार टक्क्यांहून जास्त पडला आणि बाजाराची भीती मोजणारा व्हिक्स १७ वरून ३७ वर गेला. अशा दिवशी आपला स्टॉप हव्या त्या भावाला लागत नाही, विकत घेतलेला ऑप्शन मात्र असतो.

चौथा मुद्दा, एक्सपायरीपर्यंत धरा. CNDR धरतो, बरोबर. त्याला कागदावर रात्री झोप लागते. शेवटच्या आठवड्यात शॉर्ट स्ट्राइकच्या जवळ असलात तर १०० पॉइंटच्या हालचालीने अख्खं क्रेडिट येतं-जातं, आणि डिलिव्हरीवाल्या शेअरच्या ऑप्शनमध्ये भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये संपला तर शॉर्ट अंगावर येतो आणि लाँग कचऱ्यात जातो. उरलेले आठ-दहा पॉइंट मिळवायला एवढी जागरणं कशाला.

भाच्याला काल फोनवर हे सगळं बोललो. तो म्हणाला, «मामा पण ग्रुपमध्ये तर सगळे फायद्यात आहेत». मी विचारलं, त्यातल्या कोणाची पोझिशन आत्तापर्यंत टेस्ट झालीये? थोडा वेळ गप्प, मग म्हणाला अजून कोणाचीच नाही. आज सकाळी त्याने दोन लॉट बंद केले, तिसरा ठेवलाय, त्याच्या शेजारी कागदावर ५२ लिहिलंय.